टक्केवारी आणि सीजीपीए परदेशी नोकरीच्या अर्जात कसे मांडावे : जर्मनीच्या उदाहरणासह

आपल्याकडे ‘सात पॉइंट सहा’ म्हटले की समोरच्याला अंदाज येतो, की मुलगा किंवा मुलगी प्रथम श्रेणीत उत्तीर्ण आहे आणि डिस्टिंक्शन थोडक्यात हुकले आहे. हाच आकडा म्युनिक किंवा श्टुटगार्टमधल्या एखाद्या मनुष्यबळ अधिकाऱ्याच्या हाती पडला, तर त्याला काहीच बोध होत नाही. त्याच्या शिक्षणपद्धतीत 1.0 म्हणजे सर्वोत्तम, 4.0 म्हणजे जेमतेम उत्तीर्ण आणि 5.0 म्हणजे नापास. आकडा जितका लहान, तितका विद्यार्थी चांगला. त्यात एखाद्याने अमेरिकी पद्धतीचे अनुकरण करून रेझ्युमेवर ‘जीपीए 3.4’ असे लिहिले, तर जर्मन वाचक त्याचा अर्थ अगदी उलट लावू शकतो, कारण त्यांच्याकडे 3.4 हा सामान्य दर्जाचा गुण आहे.

महाराष्ट्रातल्या विद्यापीठातून अभियांत्रिकी किंवा विज्ञानाची पदवी घेऊन जर्मनीत अर्ज करणाऱ्यांना समोर ठेवून हा लेख लिहिला आहे, कारण हा रूपांतराचा प्रवास मी स्वतः केला आहे आणि नंतर ओळखीतल्या बऱ्याच जणांचे रेझ्युमे पाहताना त्याच त्या अडचणी पुन्हा दिसल्या आहेत. ब्रिटन आणि अमेरिका यांच्याबद्दल शेवटी थोडक्यात लिहिले आहे, कारण तिथले सापळे वेगळे आहेत.

1. आधी ही कागदपत्रे समोर ठेवा

- सर्व सत्रांच्या गुणपत्रिका, मागच्या बाजूसह. श्रेणी आणि टक्केवारी यांचा तक्ता बहुतेक वेळा मागच्या बाजूलाच छापलेला असतो आणि स्कॅन करताना नेमकी तीच बाजू राहून जाते.
- विद्यापीठाने दिलेले ट्रान्सक्रिप्ट.
- पदवी प्रमाणपत्र किंवा ते मिळाले नसेल तर तात्पुरते प्रमाणपत्र. श्रेणीचे अधिकृत शब्द इथे सापडतात.
- तुमचे विद्यापीठ देत असेल, तर सीजीपीएचे टक्केवारीत रूपांतर केल्याचे प्रमाणपत्र.

जर्मनीत अर्जासोबत पदवी आणि गुणपत्रिकांच्या प्रती जोडण्याची रीत आहे. त्यामुळे रेझ्युमेवरचा आकडा आणि जोडलेल्या कागदावरचा आकडा शेजारी शेजारी वाचले जातात. पुढची प्रत्येक पायरी याच गोष्टीवर अवलंबून आहे : रेझ्युमेवर जे लिहाल ते कागदावरून कोणालाही पडताळून पाहता आले पाहिजे.

2. मूळ आकडा आणि त्याचे स्केल निश्चित करा

रूपांतर करण्यापूर्वी तीन गोष्टी गुणपत्रिकेवरून टिपून घ्या : मिळालेला गुण, मिळू शकणारा सर्वाधिक गुण आणि उत्तीर्ण होण्यासाठी लागणारा किमान गुण. पहिल्या दोन गोष्टी सगळ्यांना पाठ असतात, पण तिसरीकडे दुर्लक्ष होते. जर्मन सूत्राचे उत्तर मात्र तिच्यावर बरेच अवलंबून असते.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या दहा गुणांच्या तक्त्यात ‘ओ’ म्हणजे 10 आणि ‘पी’ म्हणजे 4, म्हणजेच उत्तीर्णतेची सीमा 4 आहे. पण प्रत्येक विद्यापीठाने, आणि एकाच विद्यापीठाच्या प्रत्येक पॅटर्नने, हाच तक्ता जसाच्या तसा घेतलेला असेलच असे नाही. पुण्याच्या अभियांत्रिकी अभ्यासक्रमात 2012, 2015 आणि 2019 असे वेगवेगळे पॅटर्न होऊन गेले आहेत. म्हणून दोन वर्षे पुढच्या मित्राचा तक्ता आपल्यालाही लागू असेल असे गृहीत धरू नका. स्वतःच्या गुणपत्रिकेचीच मागची बाजू वाचा.

हा आकडा कशाचा आहे, हेही इथेच पाहून घ्या. काही जुन्या पॅटर्नमध्ये पदवीची श्रेणी केवळ अंतिम वर्षाच्या गुणांवर ठरत असे, तर सीजीपीए हा साधारणतः अनेक सत्रांचा श्रेयांकांनुसार काढलेला सरासरी गुण असतो. तुमची 68 टक्के ही फक्त अंतिम वर्षाची असतील, तर तसे स्पष्ट लिहा. पहिल्या वर्षाच्या गुणपत्रिकेत 54 टक्के पाहून वाचकाच्या मनात शंका येण्यापेक्षा हे कितीतरी बरे.

3. टक्केवारीच्या वाटेने जाऊ नका

बहुतेक जण नकळत दोन रूपांतरे करतात. आधी सीजीपीएची टक्केवारी काढायची आणि मग त्या टक्केवारीवरून परदेशी गुण काढायचा. यामुळे उत्तर किती बदलते, हे एका उदाहरणाने पाहू.

समजा, एका विद्यार्थिनीचा सीजीपीए 10 पैकी 7.6 आहे. टक्केवारी काढण्याच्या तीन पद्धती आपल्याकडे सर्रास वापरल्या जातात. पहिली म्हणजे सरळ दहाने गुणणे, ज्याचे उत्तर 76 टक्के येते. दुसरी 9.5 ने गुणण्याची. ही पद्धत सीबीएसईने दहावीच्या निकालासाठी सांगितली होती. पदवीशी तिचा संबंध नाही, तरीही ती सवयीने वापरली जाते आणि तिचे उत्तर 72.2 येते. तिसरी पद्धत सीजीपीएमधून 0.75 वजा करून दहाने गुणण्याची. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या समकक्षता तक्त्यात 6.75 म्हणजे 60 टक्के आणि 7.75 म्हणजे 70 टक्के असे दिले आहे, तो हाच हिशेब. या पद्धतीने 7.6 चे 68.5 टक्के होतात. याशिवाय काही विद्यापीठांची एका संख्येने गुणून दुसरी संख्या मिळवण्याची स्वतःची सूत्रे आहेत, ती वेगळीच.

म्हणजे एकाच गुणपत्रिकेवरून 68.5 पासून 76 पर्यंत काहीही काढता येते. यांपैकी तुमच्या विद्यापीठाने लेखी दिलेले सूत्र तेवढे खरे, बाकीची कितीही प्रचलित असली तरी तुमच्या कामाची नाहीत. आणि जर्मनीत अर्ज करताना तर टक्केवारीची गरजच पडत नाही, कारण जर्मन सूत्र थेट दहाच्या स्केलवर चालते. टक्केवारी फक्त तिथेच लिहा, जिथे ती स्पष्टपणे मागितली आहे, आणि सोबत ‘विद्यापीठाच्या सूत्रानुसार’ असा उल्लेख करा.

4. सुधारित बव्हेरियन सूत्र

परदेशी गुणांचे जर्मन गुणांत रूपांतर करण्यासाठी जर्मन विद्यापीठे प्रामुख्याने हे सूत्र वापरतात. ते मुळात प्रवेशप्रक्रियेसाठी आहे, नोकरी देणाऱ्यावर त्याचे कोणतेही बंधन नाही. तरीही रेझ्युमेवर एखाद्या सूत्राचे नाव घ्यायचेच असेल, तर याच सूत्राचे घ्यावे असे माझे मत आहे, कारण त्याचे नाव लिहिले की वाचक स्वतः हिशेब करून पाहू शकतो.

```
x = 1 + 3 * (Nmax - Nd) / (Nmax - Nmin)
```

यात `Nmax` म्हणजे सर्वाधिक शक्य गुण, `Nmin` म्हणजे उत्तीर्णतेचा किमान गुण आणि `Nd` म्हणजे तुमचा गुण. वरच्या विद्यार्थिनीसाठी ते 10, 4 आणि 7.6 आहेत. 10 मधून 7.6 वजा केले की 2.4 उरतात. त्याला 6 ने, म्हणजे 10 आणि 4 यांच्या फरकाने भागले की 0.4 येतात. त्याची तिप्पट 1.2 आणि त्यात 1 मिळवला की 2.2. जर्मन पद्धतीत 1.5 पर्यंत ‘अतिशय चांगला’, 1.6 ते 2.5 ‘चांगला’, 2.6 ते 3.5 ‘समाधानकारक’ आणि त्यापुढे 4.0 पर्यंत ‘पुरेसा’ असे दर्जे आहेत. 2.2 हा ‘चांगला’ या दर्जात व्यवस्थित बसतो.

आता उत्तीर्णतेचा किमान गुण 4 ऐवजी 5 धरून पाहा. 2.4 ला 5 ने भागून तिप्पट केली की 1.44 येतात आणि उत्तर 2.44 होते. तिसऱ्या पायरीतली 68.5 टक्केवारी घेऊन, 100 हा सर्वाधिक आणि 40 हा किमान गुण धरून हिशेब केला, तर उत्तर 2.575 येते, म्हणजे ‘चांगला’ आणि ‘समाधानकारक’ यांच्या सीमेवर. विद्यार्थिनी तीच, पदवी तीच, फक्त मधे एक जास्तीचे रूपांतर घुसले. म्हणूनच मूळ स्केलवरून एकदाच आणि थेट रूपांतर करा, हा आग्रह.

या सूत्रात आणखी एक मोह असतो. ‘आमच्या विद्यापीठात 9.2 च्या वर कोणी जातच नाही, मग सर्वाधिक गुण 9.2 का धरू नये?’ असे अनेकांना वाटते. असे केल्याने गुण सुधारतो हे खरे, पण गुणपत्रिकेवर कमाल गुण 10 छापलेला असतो आणि वाचक तोच धरून पडताळणी करतो. वर्गातला तुमचा क्रमांक चांगला असेल, तर महाविद्यालयाकडून त्याचे पत्र घ्या आणि तो क्रमांक वेगळ्या ओळीत लिहा. सूत्रातल्या संख्या मात्र छापील तक्त्याप्रमाणेच ठेवा.

5. जुन्या टक्केवारीच्या पदवीधरांसाठी

ज्यांची पदवी सीजीपीए येण्यापूर्वीची आहे, त्यांच्यावर हे सूत्र अन्याय करते आणि त्याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. आपल्याकडच्या लेखी परीक्षेत 100 पैकी 90 मिळणे अभियांत्रिकीत जवळजवळ अशक्यच होते. मोजपट्टीचा अगदी वरचा भाग प्रत्यक्षात रिकामाच असे. सूत्र मात्र तो भाग भरलेला आहे असे मानून चालते. 66 टक्के घेऊन पाहा : 34 ला 60 ने भागून तिप्पट केली की 1.7 आणि उत्तर 2.7. पुण्याच्या जुन्या अभियांत्रिकी नियमांत 66 टक्क्यांना विशेष प्राविण्य मिळत असे. म्हणजे आपल्या विद्यापीठाने ज्याला सर्वांत वरच्या श्रेणीत बसवले, त्याला सूत्र ‘समाधानकारक’ ठरवते.

अशा वेळी रूपांतरित आकडा लिहिलाच पाहिजे असे कोणतेही बंधन नाही. त्याऐवजी टक्केवारी, श्रेणी आणि त्या श्रेणीची सीमा या तीन गोष्टी एकत्र लिहा. ‘66 टक्के’ एवढेच लिहिले तर ते कमी वाटतात, पण ‘विशेष प्राविण्याची सीमा 66 टक्के, ही सर्वोच्च श्रेणी’ असे सांगितले की वाचकाला तुमची जागा कळते. ही सीमा सगळीकडे एक नाही. काही विद्यापीठांत ती 70 आणि काही ठिकाणी 75 आहे, म्हणून ती आपल्याच गुणपत्रिकेवरून घ्या.

6. रेझ्युमेवरची ओळ प्रत्यक्षात कशी लिहावी

क्रम असा ठेवा : आधी मूळ गुण, मग स्केल, मग श्रेणी आणि सर्वांत शेवटी रूपांतर, त्याच्या सूत्रासह. इंग्रजी रेझ्युमेत ती विद्यार्थिनी असे लिहील :

```
Final grade: CGPA 7.6/10 (10 = best, 4 = pass), First Class
German equivalent approx. 2.2 (modified Bavarian formula)
```

जर्मन भाषेतल्या रेझ्युमेत दशांशासाठी टिंबाऐवजी स्वल्पविराम वापरतात. ही बाब किरकोळ वाटते, पण ती पाळली की लिखाण तिथल्या वाचकाला ओळखीचे वाटते :

```
Abschlussnote: 7,6 von 10 (10 = Bestnote, 4 = bestanden)
entspricht ca. 2,2 (modifizierte bayerische Formel)
```

`approx.` किंवा `ca.` हे शब्द गाळू नका. रूपांतर तुम्ही स्वतः केले आहे, कोणत्याही संस्थेने ते प्रमाणित केलेले नाही, हे त्या एका शब्दाने स्पष्ट होते. उलट, एखाद्या संस्थेने मूल्यमापन करून दिले असेल, तर तिचे नाव लिहा आणि ‘अंदाजे’ काढून टाका.

इथे आणखी एक गोष्ट लिहून ठेवतो, जी गुणांची नाही, पण त्यांच्याच शेजारी लागते. पदवी जर्मनीत मान्य आहे का, हा प्रश्न जर्मन मालकाच्या दृष्टीने 2.2 की 2.4 यापेक्षा मोठा असतो, कारण परदेशी पदवीधराच्या व्हिसाचे कामही त्यावर अवलंबून असते. `anabin` या जर्मन सरकारी माहितीसाठ्यात तुमचे विद्यापीठ आणि पदवी शोधा. विद्यापीठापुढे `H+` असेल तर ते मान्यताप्राप्त समजले जाते. त्या पानाची प्रत काढून ठेवा आणि रेझ्युमेवर विद्यापीठाच्या नावापुढे तसे नमूद करा. महाविद्यालय आणि विद्यापीठ यांत गल्लत करू नका. पदवी विद्यापीठ देते, म्हणून शोधही आधी विद्यापीठाच्या नावाने घ्या. पदवी तिथे सापडली नाही, तर बॉनमधल्या परदेशी शिक्षणाच्या केंद्रीय कार्यालयाकडून, म्हणजे `ZAB` कडून, शुल्क भरून पदवीच्या समकक्षतेचे निवेदन मागवता येते.

7. ऑनलाइन अर्जातली एकच चौकट

रेझ्युमेवर जागा तरी असते. कंपनीच्या ऑनलाइन अर्जात मात्र अनेकदा ‘अंतिम गुण’ अशी एकच चौकट असते. तिथे आधी चौकट काय स्वीकारते ते पाहा. मोकळा मजकूर चालत असेल तर `7.6/10` असे तिरप्या रेघेसह लिहा. 1 ते 5 एवढीच संख्या चालत असेल, तर 2.2 भरा आणि शेरा किंवा परिचयपत्र यांत एका वाक्यात सूत्राचा उल्लेख करा. चौकट कोणतीही संख्या स्वीकारते म्हणून नुसते `7.6` भरू नका, कारण स्केलशिवायच्या आकड्याचा वाचकाला काही उपयोग होत नाही, आणि यंत्राने क्रमवारी लावताना तो कुठे जाऊन बसेल हे सांगता येत नाही.

8. हाच रेझ्युमे ब्रिटन किंवा अमेरिकेत पाठवायचा असेल तर

तो तसाच पाठवू नका. जर्मन रूपांतराची ओळ काढून टाका, मूळ गुण, स्केल आणि श्रेणी तेवढी ठेवा.

ब्रिटनमध्ये अडचण ‘फर्स्ट क्लास’ या शब्दाचीच आहे. तिथे फर्स्ट म्हणजे साधारण 70 टक्क्यांच्या पुढे, त्याखाली 60 ते 69 ला अप्पर सेकंड, म्हणजे `2:1`, आणि 50 ते 59 ला `2:2`. आपल्याकडे प्रथम श्रेणी 60 पासून सुरू होते. 62 टक्क्यांच्या माणसाने नुसते ‘फर्स्ट क्लास’ लिहिले, तर ब्रिटिश वाचक त्याला 70 च्या पुढचा समजेल आणि गुणपत्रिका पाहिल्यावर त्याला फसवल्यासारखे वाटेल. जाहिरातीत ‘2:1 किंवा समकक्ष’ असे असेल, तरी स्वतःच्या पदवीपुढे `2:1` लिहू नका, कारण भारतीय पदवीची समकक्ष टक्केवारी ब्रिटनमधली प्रत्येक संस्था वेगळी धरते. असे लिहा :

```
62%, First Class (Indian scale: First Class from 60%)
```

अमेरिकेत टक्केवारी लिहिणेच घातक आहे. तिथल्या शाळेपासूनच्या सवयीत 90 च्या पुढे ‘ए’, 80 च्या पुढे ‘बी’, 70 च्या पुढे ‘सी’ आणि 60 च्या घरात ‘डी’ असतो. तुमचे 68 टक्के तो वाचक ‘डी’ म्हणून वाचेल. सीजीपीएला 10 ने भागून 4 ने गुणण्याचा उपायही वाईटच आहे : 7.6 चे 3.04 होतात, जे प्रत्यक्षाहून कमी दिसतात. अमेरिकी मूल्यमापन संस्था तसे करत नाहीत. त्या प्रत्येक विषयाचा गुण स्वतंत्रपणे अमेरिकी श्रेणीत बदलतात, त्याला श्रेयांकांनी गुणतात आणि मग सरासरी काढतात. त्यामुळे त्यांचा आकडा सरळ भागाकाराने येणाऱ्या आकड्याहून बऱ्याचदा वर असतो. अर्जात जीपीए अनिवार्य असेल, तर वर्ल्ड एज्युकेशन सर्व्हिसेससारख्या संस्थेकडून विषयवार मूल्यमापन करून घ्या. मागवताना पर्याय नीट पाहा, कारण केवळ कागदपत्रांचे मूल्यमापन मागवले तर त्यात जीपीए येत नाही. अहवाल हाती आल्यावर आकड्यापुढे संस्थेचे नाव लिहा :

```
CGPA 7.6/10, First Class (US GPA per WES course-by-course report: __)
```

रिकामी जागा अहवालातल्या आकड्याने भरायची आहे. अहवाल येईपर्यंत ही कंसातली नोंद गाळून केवळ `7.6/10` आणि श्रेणी ठेवलेली चालते. अर्जातली जीपीएची चौकट वगळता येत नसेल, तर कंपनीच्या भरती विभागाला विचारून मगच ती भरा, आणि त्यांनी दिलेले उत्तर जपून ठेवा, कारण पुढे पार्श्वभूमी पडताळणीच्या वेळी तो आकडा कुठून आला असे विचारले जाऊ शकते.